चेंडू, टप्पा आणि टायमिंग चार्ट

अ‍ॅनिमेशनच्या पहिल्या वर्षाला वर्गात वाटल्या जाणाऱ्या उसळत्या चेंडूच्या हँडआउटवर सॉफ्टवेअरचे नाव नसले तरी चालते. त्यावर जमिनीची एक रेघ, एक चेंडू आणि बाजूला टायमिंग चार्ट असतो. चार्ट म्हणजे एक उभी रेघ. तिच्या वरच्या टोकाला पहिली मुख्य चित्रस्थिती, म्हणजे की, खालच्या टोकाला दुसरी, आणि अधल्यामधल्या प्रत्येक फ्रेमसाठी एक आडवी खूण. एका स्थितीतून दुसरीत जायला किती फ्रेम लागतात हे खुणांच्या संख्येवरून कळते. वेग कुठे कमी आणि कुठे जास्त हे त्यांच्यातल्या अंतरावरून. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे समजणे हाच या धड्याचा गाभा आहे.

सेकंदाला २४ फ्रेम धरल्या आणि चेंडू ८ फ्रेममध्ये खाली येणार असेल, तर उंची ६४० पिक्सेल घ्यावी. आकडेमोड सोपी जाते. सुरुवातीपासून खाली आलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वरच्या स्थितीपासून मोजत खुणा अनुक्रमे १०, ४०, ९०, १६०, २५०, ३६०, ४९० आणि ६४० पिक्सेलवर पडतात. पहिल्या फ्रेमला चेंडू जेमतेम हलतो, शेवटच्या फ्रेमला १५० पिक्सेल खाली येतो. अंतर नेहमी चेंडूच्या तळापासून मोजावे, नाहीतर टप्प्याच्या फ्रेमला तो जमिनीत रुततो.

हाताने चित्रे काढणारे पूर्वीपासून अर्ध्याच्या अर्ध्या खुणा करत आले आहेत, कारण डोळ्याला मधला बिंदू चटकन सापडतो. चार फ्रेमच्या पतनात ही पद्धत छान चालते: तिच्या खुणा उंचीच्या एक अष्टमांश, पाव, अर्धा आणि पूर्ण अशा पडतात, खऱ्या पतनात त्या एक सोळांश, पाव, नऊ सोळांश आणि पूर्ण अशा असतात. हा फरक नजरेला जाणवत नाही. मात्र आठ फ्रेमपर्यंत असेच अर्धे करत गेले तर चेंडू वर लोंबकळत राहतो आणि शेवटच्या एका फ्रेममध्ये निम्मी उंची कोसळतो.

खरी गंमत पुढच्या टप्प्यांत आहे. चेंडू जमिनीवरून उसळून पुन्हा वर जातो तो ६ फ्रेममध्ये, असे ठरवले, तर त्याची उंची ३६० पिक्सेल भरते. त्यासाठी नवा चार्ट लागत नाही. पहिल्याच चार्टच्या वरच्या सहा खुणा जशाच्या तशा वापरायच्या. चढताना त्या उलट क्रमाने येतात, उतरताना सुलट. पुढचा टप्पा ४ फ्रेमचा आणि १६० पिक्सेलचा, मग ३ फ्रेमचा ९०, २ फ्रेमचा ४० आणि शेवटचा एका फ्रेमचा १० पिक्सेलचा. गुरुत्वाकर्षण तेच असल्यामुळे सगळे टप्पे एकाच चार्टमध्ये बसतात. फ्रेम १ वर सुटलेला चेंडू ९, २१, २९, ३५, ३९ आणि ४१ या फ्रेमवर जमिनीला टेकतो.

हे न पाहता प्रत्येक टप्प्याला सारख्याच फ्रेम दिल्या, की बुटके टप्पे तरंगल्यासारखे दिसतात, जणू चेंडू मध्येच चंद्रावर गेला. चूक ओळखायला टप्प्यांचा ठेका टिचकीने टेबलावर वाजवून पाहावा: तो जवळजवळ येत गेला पाहिजे.

संगणकावर दुसरा घोटाळा होतो. फक्त वरची आणि खालची की दिली की ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर मधला प्रवास दोन्ही टोकांना हळुवार करून भरते, आणि चेंडू जमिनीवर अलगद उतरतो. काही सॉफ्टवेअर मधले अंतर सारखे वाटतात. मग तो लिफ्टसारखा येतो. ग्राफ एडिटरमध्ये जमिनीच्या कीचे हँडल तोडून तिथे टोकदार कोपरा करावा आणि शिखराची वळणे गोल ठेवावीत. ग्राफ एडिटर नसेल तर प्रत्येक फ्रेमला चार्टमधली जागा हाताने द्यावी आणि ऑनियन स्किन लावून अंतरे तपासावीत. पहिल्या खेपेला हाच मार्ग बरा, कारण त्यात सगळी अंतरे नजरेखालून जातात.

आकार बदलायचा तो यानंतरच. चेंडूचा व्यास १०० पिक्सेल असेल तर जमिनीलगत दोन चित्रांमध्ये मोकळी जागा दिसू लागते. तिथे चेंडू प्रवासाच्या दिशेने लांबवला की चित्रे एकमेकांना भिडतात. टेकल्याच्या लगेच पुढच्या फ्रेमला तो चपटा करावा, आणि जितका चपटा होईल तितका रुंद, म्हणजे आकारमान बदलत नाही. चपटेपणासाठी वाढवलेल्या प्रत्येक फ्रेममुळे पुढचे सगळे फ्रेम-क्रमांक एकाने सरकतात. शिखरावर चेंडू गोलच राहतो.

या चार्टला मर्यादाही आहे. ८ फ्रेमचे पतन म्हणजे प्रत्यक्षात साधारण ५४ सेंटिमीटर. चौपट उंचीवरून पडायला दुप्पट, म्हणजे १६ फ्रेम लागतात. फुगा किंवा शटलकॉक मात्र हवेच्या अडथळ्यामुळे लवकरच एकसारख्या वेगाने खाली येऊ लागतो, म्हणून त्याच्या चार्टमधल्या खालच्या खुणा समान अंतरावर पडतात.