लॉक-इनचे वीस महिने

भोपाळहून नर्मदापुरमच्या रस्त्याने निघालं की वीस-बावीस किलोमीटरवर मंडीदीप लागतं. जिल्हा रायसेन, पण रोजचं येणं-जाणं सगळं भोपाळशी. इथला बाजार कारखान्यांवर चालतो. ग्रॅफाइट इलेक्ट्रोड, औषधं, ट्रॅक्टर अशा कितीतरी वस्तू इथे तयार होतात, आणि त्या कारखान्यांतल्या कामगारांना लागणारे सेफ्टी शूज, हातमोजे, हेल्मेट आणि गणवेश माझे धाकटे मामा विकतात. जुन्या बाजारातलं त्यांचं छोटं दुकान बरं चाललं होतं, म्हणून त्यांनी हमरस्त्याजवळच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये दुसरं, मोठं दुकान भाड्याने घेतलं. सोळा महिन्यांनी ते सोडायची वेळ आली. आपल्यातली बरीच तरुण मंडळी आता नोकरीबरोबर किंवा नोकरीऐवजी दुकान, क्लास, क्लिनिक काढत आहेत, म्हणून ते दुकान कसं सुटलं हे सविस्तर लिहितो.

करार पाच वर्षांचा होता. पहिल्या वर्षी भाडं महिना २८,०००, दर वर्षी पाच टक्के वाढ, डिपॉझिट तीन महिन्यांचं, म्हणजे ८४,०००. आणि एक कलम होतं: पहिले छत्तीस महिने लॉक-इन. त्याआधी दुकान सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं पूर्ण भाडं द्यायचं. लॉक-इन म्हणजे मालकाने घेतलेली हमीच. त्याने दुकान बांधायला पैसा घातलेला असतो, भाडेकरू सहा महिन्यांत उठून गेला तर त्याला पुन्हा शोधाशोध करावी लागते. इथले मालक एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळे त्यांना बाबूजी म्हणतात. निवृत्तीचा पैसा आणि वर बँकेचं कर्ज घालून त्यांनी हे दुकान घेतलं होतं, आणि कर्जाचा हप्ता मामांच्या भाड्यातून जात होता.

मामांनी सोडायचं म्हटल्यावर बाबूजींनी कागदावर आकडा लिहून दिला. उरलेले वीस महिने: चालू वर्षाचे आठ महिने २९,४०० ने, पुढचे बारा ३०,८७० ने. एकूण ६,०५,६४०. डिपॉझिट वजा केलं तरी ५,२१,६४०. मामा दोन दिवस जेवले नाहीत असं मामी म्हणाली.

त्या रविवारी मी मंडीदीपला गेलो आणि आम्ही दोघं हिशेबाला बसलो. मी म्हटलं, "मामा, बाबूजींचा आकडा बाजूला ठेवा. आधी सांगा, दुकान सोडलंच नाही तर काय होईल?" हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. नव्या दुकानाची सरासरी विक्री महिना १,६०,०००. त्यात अठरा टक्के सुटत होते, म्हणजे २८,८००. खर्च असा: भाडं २९,४००, दुकानातल्या मुलाचा पगार ११,०००, वीज ३,५००. महिन्याला १५,१०० चा तोटा, आणि पुढच्या वर्षी भाडं वाढल्यावर १६,५७०. वीस महिने असंच चालवलं तर एकूण तोटा साधारण ३ लाख २० हजार.

या एका आकड्याने चित्र बदललं. पाच लाख वीस हजार देऊन बाहेर पडण्यापेक्षा रडत-कुढत दुकान चालवणं स्वस्त होतं. म्हणजे बाबूजींचा आकडा मान्य करायची गरजच नव्हती. पण तीन लाख वीस हजारांपेक्षा कमीत सुटका होत असेल तर ती फायद्याची होती. मामांची वरची मर्यादा ठरली. आता बाबूजींचं खरं नुकसान किती, हे बघायचं होतं.

त्याच कॉम्प्लेक्समधली दोन दुकानं आधी रिकामी झाली होती. ती भरायला तीन-चार महिने लागले होते. चार महिने धरले तर बाबूजींचं भाडं बुडणार १,१७,६००, आणि दलालाला एका महिन्याचं द्यावं लागणार. म्हणजे जवळपास दीड लाख. नवा भाडेकरू कमी भाड्याने आला तर आणखी थोडं. सहा लाखांच्या जवळपासही हे जात नव्हतं, कारण त्या सहा लाखांत असं गृहीत होतं की दुकान वीस महिने रिकामंच राहणार.

भोपाळच्या आमच्या ओळखीच्या वकीलकाकांनी सांगितलं की कायद्याचा विचारही याच दिशेने जातो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात मोडल्याबद्दलची रक्कम लिहिलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही फक्त तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६३ च्या फतेह चंद खटल्यात स्पष्ट केलं आणि २०१५ मध्ये कैलाश नाथ खटल्यात पुन्हा मांडलं. त्या दुसऱ्या खटल्यात दिल्ली विकास प्राधिकरणाने एका बोलीदाराचे ७८ लाख जप्त केले होते, पण तीच जमीन पुढे कितीतरी जास्त किमतीला विकली गेली. नुकसानच झालं नाही तर भरपाई कसली, म्हणून ते पैसे परत करायला लागले. मात्र काका सावधही करत होते. नुकसान मोजणं खरंच अवघड असेल आणि दोघांनी आधीच वाजवी अंदाजाने रक्कम ठरवलेली असेल, तर कोर्ट तीच रक्कम मान्य करू शकतं. म्हणून निकाल आपल्याच बाजूने लागेल असं धरून चालू नये.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. करार स्टॅम्प पेपरवर होता, नोटरीचा शिक्का होता, पण रजिस्ट्री झालेली नव्हती. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावाच लागतो. नसेल तर त्यातल्या अटी कोर्टात पुरावा म्हणून सहसा चालत नाहीत आणि भाडेकरू महिन्या-महिन्याचा धरला जातो, ज्याला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. हे कळल्यावर बाजारातल्या एका मित्राने मामांना सल्ला दिला, "कागज कच्चा है, चाबी फेंको और निकलो."

मामा त्या रात्री गप्प होते. सकाळी म्हणाले, "कागद कच्चा असेल, पण सही मी केली आहे. बाबूजींचा हप्ता माझ्या भरवशावर आहे." मला त्यात व्यवहारही दिसत होता. ८४,००० बाबूजींच्या हातात होते, ते परत मिळवायला कोर्टात जायचं तर किती वर्षं लागतील कुणास ठाऊक. आणि जुनं दुकान त्याच गावात चालवायचं होतं. कच्च्या कागदाचा उपयोग एवढाच होता की बाबूजीही सहा लाखांचा दावा घेऊन सहज कोर्टात जाऊ शकत नव्हते. मामांनी तो मुद्दा एकदाच, हलक्या आवाजात काढला आणि पुन्हा त्याचा उल्लेख केला नाही.

खरी किल्ली होती रिकाम्या महिन्यांत. ते जितके कमी, तितकं बाबूजींचं नुकसान कमी आणि मामांचं देणं कमी. म्हणून मामांनी स्वतःच भाडेकरू शोधायला घेतला. वेल्डिंगचं सामान विकणारा एकजण तयार झाला, पण गॅस सिलिंडर ठेवायला बाबूजींनी नकार दिला. एका क्लासवाल्याला भाडं परवडेना. शेवटी जुन्या बाजारातला एक चष्मेवाला मिळाला. त्याला मोठी जागा हवीच होती, पण २७,००० च्या वर जायला तो राजी नव्हता आणि दोन महिन्यांनी येणार होता.

इथे पोटभाडेकरू ठेवायचा मोह होतो. मामांच्या करारात त्याला मनाई होती, आणि नसती तरी मूळ देणेकरी मामाच राहिले असते. चष्मेवाल्याने भाडं थकवलं तर बाबूजी मामांच्याच दारात आले असते. म्हणून चष्मेवाल्याचा करार थेट बाबूजींशी आणि मामांची त्यातून पूर्ण सुटका, असंच आम्ही मांडलं.

मामा बाबूजींच्या घरी गेले तेव्हा त्यांच्याजवळ एकच कागद होता. पुढचे दोन महिने मामा पूर्ण भाडं देणार, त्यात माल संपवणार. एकोणिसाव्या महिन्यापासून चष्मेवाला २७,००० देणार, वर्षाने पाच टक्के वाढ. मामांचं ठरलेलं भाडं आणि त्याचं भाडं यातला छत्तिसाव्या महिन्यापर्यंतचा फरक ५२,७४०. तो मामा भरणार. मामा म्हणाले, "बाबूजी, आपका एक महीना भी खाली नहीं जाएगा." बाबूजींनी कागद दोनदा वाचला, मुलाला फोन केला, आणि म्हणाले की रंगकाम आणि बोर्ड काढायचे पैसेही धरा. ते धरून ६४,००० वर ठरलं. डिपॉझिटमधले २०,००० मामांना परत मिळाले.

मामांना एकूण किती पडलं? ते ६४,००० आणि दोन महिन्यांचा तोटा ३०,२००, म्हणजे ९४,२००. दुकान चालवत राहिले असते तर तीन लाखांवर गेले असते. आणि बाबूजींना छत्तीस महिन्यांचं भाडं पूर्ण मिळण्याची सोय झाली.

तोंडी ठरलं तरी काम संपत नाही. ताबा आपल्याकडे असेपर्यंत भाडं चालू राहतं, मग शटर बंद का असेना. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानदाराने भाडं थांबवायला मागितलं, तेव्हाही दिल्ली उच्च न्यायालयाने ताबा सोडला नसल्यामुळे भाडं माफ केलं नाही. म्हणून चाव्या देण्याच्या दिवशीच ताबा परत दिल्याचा कागद केला. त्यात तारीख, विजेच्या मीटरचं रीडिंग, डिपॉझिटमधून काय कापलं, आणि लॉक-इनसकट कुणाचंही कुणाकडे काही येणं उरलेलं नाही, असं स्पष्ट वाक्य. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. वीस हजार बँकेतून आले आणि मगच चाव्या दिल्या. नंतर मामांनी जीएसटीच्या नोंदणीतून आणि गुमास्त्यातून तो पत्ता काढून टाकला.

चष्मेवाल्याचा करार मात्र रजिस्ट्री करून झाला. बाबूजींनीच आग्रह धरला. त्यात लॉक-इन अठरा महिन्यांचं आहे, आणि मामांच्या सांगण्यावरून एक ओळ वाढवली आहे: भाडेकरूने मालकाला पसंत असा दुसरा भाडेकरू आणून दिला, तर लॉक-इन तिथेच संपेल आणि मधल्या रिकाम्या काळाचं भाडं, जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, तो देईल. दुकान घेताना मालकही उत्सुक असतो, तेव्हा ही ओळ सहज मिळते. सोळा महिन्यांनी ती मागायला गेलं तर तिची किंमत मोजावी लागते.