दोन ओळींच्या शुभेच्छा

तीन वर्षांपूर्वी गणेश चतुर्थीच्या सकाळी कुठल्याशा ग्रुपवर आलेलं एक झगमगीत चित्र मी चाळीस जणांना पाठवून दिलं. 'आपणांस व आपल्या परिवारास' वगैरे त्यावर छापलेलं होतंच. दहा मिनिटांत बीएडच्या मैत्रिणीचं उत्तर आलं, "थँक्यू. यंदा आमच्याकडे गणपती नाहीत गं."

तिचे बाबा श्रावणात गेले होते. मी स्वतः भेटून आले होते. सगळं माहीत असून अंगठा दाबला गेला होता.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. पत्रलेखनाच्या तासाला मुलांना पहिला प्रश्न विचारते, पत्र कोणाला लिहायचंय? तोच प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

खरं तर चांगला नमुना माझ्याच फोनमध्ये होता. शेजारच्या काकूंनी ईदला लिहिलं होतं, "ईद मुबारक गं. शीरखुर्म्यात चारोळी जास्त घाल, मी चारला येते." एवढंच. पण तो निरोप दुसऱ्या कुणाला पाठवताच आला नसता.

आता मी सात-आठ घरांनाच लिहिते, आणि आधी त्या घरचा गणपती किती दिवसांचा ते आठवते. काकूंकडे दीड दिवसाचा असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन, म्हणजे तिसऱ्या दिवशी 'दर्शनाला येते' म्हणण्यात अर्थ नाही. त्यांना चतुर्थीलाच लिहिते, "काकू, बाप्पा आले का? आमच्या विहिरीजवळ दुर्वा भरपूर आहेत, मुलाबरोबर पाठवते. उद्या दुपारी येते, दोन मोदक माझ्या वाटचे."

शाळेतल्या एका सहकारी बाईंकडे गौरी येतात. आवाहन, पूजन, विसर्जन असे तीन दिवस त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. म्हणून त्यांना लिहिते, "बाई, गौरी-गणपतीच्या शुभेच्छा. उत्तर देत बसू नका. गौरी गेल्या की निवांत भेटू."

नाव, त्या घरची एखादी गोष्ट, आणि पुढे भेटायचं कधी, एवढं दोन ओळींत मावतं. जड शब्द लागत नाहीत. मी पूजा करत नाही हे काकूंना ठाऊक आहे, म्हणून भक्तीची उसनी वाक्यंही लागत नाहीत. त्यांच्या घरी आनंद आहे आणि मी शेजारीण आहे, तेवढं पुरतं.

त्या दिवशी मैत्रिणीला संध्याकाळी पुन्हा लिहिलं. 'शुभेच्छा' शब्द टाळला. "सकाळी न बघता चित्र पाठवलं, चुकलंच. तुमच्या आरतीत बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा, तो आठवतोय. रात्री फोन करू का?"

रात्रीची वाट न बघता तिनेच फोन केला.