हौद कसा उतरला

दिवाळी अंकासाठी लिहा, पण आकडे फार नकोत, असं संपादकांनी बजावलं आहे. माझं कामच आकड्यांचं, त्यामुळे थोडे तरी येणार. सोलापुरात अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यांमध्ये पाण्याच्या हौदांना आणि डिझेलच्या टाक्यांना मी पातळी मोजणारे सेन्सर बसवतो. दर दहा मिनिटांनी पातळीची नोंद होते, आणि पाणी किंवा तेल विनाकारण उतरू लागलं की मालकाच्या मोबाइलवर इशारा जातो. लोकांना वाटतं, यंत्र गळती सांगतं. यंत्र फक्त उंची सांगतं. ती उंची का उतरली, हे माणसानं नोंदी वाचून ठरवायचं असतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

गेल्या उन्हाळ्यात टॉवेलच्या एका डाईंग युनिटमधून बोलावणं आलं. सूत रंगवायला आणि धुवायला पाणी भरपूर लागतं. शहरालाच उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा कारखान्यांनी पाणी येईल तसं साठवायचं आणि कमी पडलं की टँकर मागवायचा. या युनिटचा जमिनीतला हौद आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर खोल. एवढ्या हौदात पातळी एक सेंटीमीटर उतरली की ४०० लिटर पाणी गेलेलं असतं. टँकरचं बिल दोन महिन्यांत वाढलं होतं, आणि टँकरवाला कमी पाणी ओततो असा मालकांचा संशय होता.

सेन्सर आधीच होता, दुसऱ्या कुणीतरी बसवलेला. तासाभरात पातळी पाच सेंटीमीटर उतरली की इशारा द्यायचा, असा नियम घातला होता. पण रंगाचं एक मशीन भरायलाच तीन हजार लिटर लागतात, म्हणजे पाव तासात साडेसात सेंटीमीटर. त्यामुळे मशीन भरलं की इशारा यायचा, पाळीत अनेकदा यायचा. शेवटी सुपरवायझरनी तो बंद करून टाकला. मी त्यांना दोष देत नाही. रोज खोटं बोलणाऱ्या इशाऱ्याचं माणूस हेच करतो. आणि खऱ्या गळतीच्या बाबतीत तो नियम आंधळाच होता. गळती तासाला पाच सेंटीमीटर उतरवत नाही, ती एखादा सेंटीमीटर उतरवते आणि रात्रंदिवस उतरवत राहते.

शहराच्या पाणीपुरवठ्यात गळती शोधण्याची एक जुनी रीत आहे: पहाटे गाव झोपलेलं असताना मुख्य जलवाहिनीतून किती पाणी जातं ते पाहायचं. तेव्हा वापर जवळजवळ शून्य असतो, म्हणून जे वाहतं त्यातलं बहुतेक गळतीचं. हौदालाही तीच रीत लागू पडते, फक्त तो खरोखर निवांत हवा. साप्ताहिक सुट्टीच्या रात्री आम्ही आत येणारा व्हॉल्व्ह बंद केला, पंपाचा मेन स्विच पाडला आणि सेन्सरच्या नोंदी तशाच चालू ठेवल्या.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. असल्या सेन्सरचं रीडिंग दोन-तीन मिलिमीटर मागेपुढे डुलतं. गळती तासाला बारा मिलिमीटर असेल तर दहा मिनिटांत पातळी दोनच मिलिमीटर उतरते, म्हणजे ती त्या डुलण्यातच लपून जाते. म्हणून लागोपाठच्या दोन नोंदींची वजाबाकी करून काही हाती लागत नाही. दोन तासांच्या सगळ्या नोंदी कागदावर ठिपक्यांसारख्या मांडायच्या आणि त्यांच्यामधून एक सरळ रेघ काढायची. ठिपके वरखाली होतात, पण रेघेचा उतार टिकतो, आणि तोच खरा. गळती जितकी बारीक, तितका निवांत वेळ जास्त हवा.

त्या रात्री पातळी २.४० मीटर असताना उतार तासाला बारा मिलिमीटर निघाला, म्हणजे तासाला ४८० लिटर. दिवसाचे साडेअकरा हजार. दहा हजार लिटरच्या एका टँकरपेक्षा जास्त पाणी रोज जमिनीत जात होतं. मालक म्हणाले, "उन्हाळ्यात आटतं हो, साहेब." सोलापूरच्या मे महिन्यात उघड्यावरचं पाणी दिवसाला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर आटतं हे खरं. पण हा हौद झाकलेला होता आणि तेवढं पाणी एका तासात जात होतं. टँकरवाल्यावरचा संशय त्याच रात्री संपला.

मला या कामातला सगळ्यात मोलाचा वाटतो तो भाग यापुढचा. गळती आहे हे कळलं, पण कुठे? हौद रिकामा करून भिंती तपासायच्या तर उत्पादन दोन दिवस बंद. पण नोंदी जागाही सांगतात. भोकातून पाणी किती जोरात जाईल हे भोकावर पाण्याची किती उंची आहे यावर ठरतं. पातळी उतरत भोकापाशी आली की गळती मंदावते, आणि भोकाखाली गेली की थांबते. आम्ही पुढच्या सुट्ट्यांना हौद मुद्दाम वेगवेगळ्या पातळीवर ठेवला. दोन मीटरला उतार तासाला दहा मिलिमीटरच्या आसपास आला. दीड मीटरला सहा. सव्वा मीटरच्या खाली रेघ जवळजवळ आडवी झाली, आणि १.१० मीटरला रात्रभर पातळी हलली नाही. तळ धड होता, खालच्या भिंतीही धड होत्या. दोष साधारण १.२० मीटर उंचीवरच असायला हवा होता.

त्या उंचीवर भिंतीतून जाणारी एक जुनी पाइप होती. पूर्वीची लाइन बंद करताना तिच्या बाहेरच्या तोंडाला बूच मारलेलं, पण पाइप आणि काँक्रीट यांच्यातला सांधा सुटलेला. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात गाडलेली पाइप त्या हालचालीत थोडी थोडी ओढली जाते. सांधा त्यानंच सुटला असावा असं माझं मत आहे. बाहेर ओल दिसली नव्हती, कारण हौदाभोवती मुरूम भरलेला होता आणि पाणी त्यातून खालीच जात होतं. दुरुस्तीसाठी पातळी एक मीटरवर ठेवली, तेवढ्यावर मशीन चालू राहिलं आणि सांधा भरून निघाला.

आता डिझेल. या विषयावर मी अनेकांशी भांडलो आहे आणि पुढेही भांडेन, कारण इथे पाणी नव्हे, माणसं जातात.

कारखान्यात जनरेटरसाठी डिझेलची टाकी बहुधा ९९० लिटरची आडवी, गोल टाकी असते. एका भांड्यात हजार लिटरपर्यंत आणि एका जागी एकूण अडीच हजार लिटरपर्यंत डिझेल ठेवायला पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागत नाही, म्हणून हा ९९० चा आकडा. टाकी सहसा उघड्यावर असते. डिझेल तापलं की फुगतं आणि निवलं की आकसतं: एका अंश सेल्सियसला हजार लिटरमागे सुमारे ८३० मिलिलिटर. एप्रिलमध्ये संध्याकाळी टाकीतलं ८०० लिटर डिझेल ४१ अंशांवर असेल आणि पहाटे २९ वर आलं, तर ते आठ लिटरनं कमी भरतं. तरंगत्या फ्लोटवर ती घट साडेसहा मिलिमीटर दिसते. मोजपट्टी बुडवून पाहिलं तरीही दिसते. एक थेंबही बाहेर गेलेला नसतो.

एका कारखान्यात पाच लिटरला इशारा लावलेला होता. उन्हाळ्यात तो दर पहाटे यायचा. रात्रपाळीला एकच जनरेटर ऑपरेटर होता, वयस्क माणूस, सगळे त्याला मामा म्हणायचे. रोज सात-आठ लिटर कमी, आणि रात्री टाकीपाशी तोच. महिन्याचा हिशेब करून त्याच्यापुढे ठेवला गेला. तो म्हणाला, "मी हात लावला नाही, साहेब. तुम्ही दुपारी बघा की." दुपारी कुणी पाहिलं नाही. त्यानं काम सोडलं. मला बोलावलं ते त्यानंतर, नवा ऑपरेटर आल्यावरही इशारे थांबेनात म्हणून.

सगळं त्या नोंदींत होतं. पहाटे गेलेले आठ लिटर दुपारी तीनच्या सुमाराला परत आलेले दिसत होते, रोज. चोरीचं डिझेल परत येत नाही. चोरी झाली तर पातळी काही मिनिटांत पायरीसारखी खाली येते आणि तिथेच राहते. जनरेटर चालला तर उतार सरळ असतो, सव्वाशे केव्हीएच्या मशीनला भारावर तासाला वीसेक लिटर, आणि तेवढे तास मशीनच्या तास-मीटरवरही वाढलेले असतात. गळती असेल तर घट दिवसा, रात्री, उन्हात, सावलीत सारखीच चालू राहते. आकसणं मात्र उन्हाबरोबर जातं आणि उन्हाबरोबर येतं. या चार रेघा शाळकरी मुलालाही वेगळ्या ओळखता येतील. मी त्या मालकांना छापून दिल्या. मामांना निरोप पाठवला गेला की नाही, हे मी दोनदा विचारलं. उत्तर मिळालं नाही.

यावर उपाय महाग नाही. टाकीत तापमानाचा एक सेन्सर सोडायचा आणि प्रत्येक नोंद एका ठरावीक तापमानाला आणून मग तुलना करायची. तेलाच्या व्यवहारात हे कायमच होतं. पेट्रोल पंपावरही घनता १५ अंशांवर आणून तपासतात. अमेरिकेत जमिनीखालच्या इंधनटाक्यांच्या स्वयंचलित मापनाला जो निकष आहे, तो तासाला ०.२ गॅलनची, म्हणजे पाऊण लिटरची गळती ओळखण्याचा. पण त्याच निकषात दुसरी अट आहे: खोटा इशारा शंभरात पाचापेक्षा जास्त वेळा येता कामा नये. आपल्याकडे सेन्सर विकत घेताना पहिली गोष्ट सगळे विचारतात. दुसरी विचारणारा गिऱ्हाईक मला अजून भेटायचा आहे.

हलणाऱ्या रीडिंगइतकीच न हलणाऱ्या रीडिंगची भीती बाळगावी. ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे लंडनच्या उत्तरेला बन्सफील्डच्या डेपोत पेट्रोलची एक टाकी भरली जात होती. तीननंतर तिचा पातळीमापक अडकला आणि पडद्यावरची रेघ आडवी राहिली. पेट्रोल येतच होतं. स्वतंत्र धोक्याचा स्विचही चालला नाही. टाकी वरून वाहू लागली आणि सहाच्या सुमाराला स्फोट झाला. चाळीसहून अधिक माणसं जखमी झाली. आपल्या हौदांत इतकं भयानक काही घडत नाही, पण अडकलेला फ्लोट तसाच दिसतो. म्हणून मी आता उलटा इशाराही लावतो: पंप चालू असताना पातळी अर्धा तास जराही हलली नाही, तर कळवा. त्यासाठी पंपाच्या स्टार्टरमधून एक वायर नोंदयंत्रापर्यंत आणावी लागते. इलेक्ट्रिशियनचं एका दुपारचं काम आहे.

ही सगळी रीत निवांत तासांवर उभी आहे, आणि तीन पाळ्यांत वर्षभर चालणाऱ्या युनिटला निवांत तास नसतात. तिथे आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी मीटरनं मोजून वजाबाकी करण्याचा सल्ला दिला जातो. मला तो पटत नाही. मीटरची चूक दोन टक्के धरली आणि रोजचा वापर ८० हजार लिटर असला, तर सोळाशे लिटर त्या चुकीतच बुडतात. तासाला साठ-पासष्ट लिटरची गळती तिथे वर्षानुवर्षं दिसणार नाही.

म्हणून नवा हौद बांधणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की मध्ये एक भिंत घाला, दोन कप्पे करा आणि दोन्हींना वेगळा व्हॉल्व्ह आणि वेगळा सेन्सर द्या. एका कप्प्यावर कारखाना चालतो, दुसरा रात्रभर बंद ठेवून तपासता येतो आणि दुसऱ्या आठवड्यात उलट. चिंचोळीत एका नव्या युनिटचा खड्डा सध्या खणला जातो आहे. भिंतीचा खर्च ठेकेदारानं काढून दिला आहे, आणि मालक त्यावर विचार करत आहेत.