भुईतला गारठा

डिसेंबरात येडशीजवळ मित्राच्या शेतात तंबू टाकला. खाली पातळ योगा मॅट, अंगावर दोन रग. रात्री दोनला पाठ गारठली. तिसरा रग ओढला, तरी दात वाजतच होते. त्यात रामलिंगच्या बाजूनं कोल्हेकुई, डोक्यावर टिटवीचा ओरडा. गाडीत जाऊन बसावं वाटलं.

मित्राचे वडील राखणीला जागेच होते. म्हणाले, "गारठा भुईतनं येतोय, वरनं किती पांघरशील?"

त्यांनी कडब्याच्या पेंढ्या सोडून खाली पसरल्या. टोचू नये म्हणून त्यावर तिसरा रग. मॅट वजनानं चेपते. कडब्याच्या जाड थरात हवा अडकून राहते, ती भुईचा गारवा अडवते.

टिटवी पुन्हा ओरडली.

"कोल्हं बांधावर आलं असंल. ती जागी हाय, मी बी हाय. झोप तू."

उठलो तेव्हा ऊन आलं होतं.