शाब्दिक उदाहरणाची रीत आणि पाठाची आखणी

सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळांत खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मुले मोठ्या संख्येने शिकतात. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी-गुजराती आणि पुस्तकात प्रमाण मराठी अशा भाषांत वावरणारी ही मुले शाब्दिक उदाहरणात ओळखीचा एखादा शब्द हेरतात आणि ‘एकूण’ दिसताच बेरीज, ‘उरले’ दिसताच वजाबाकी करून मोकळी होतात. ही युक्ती अनेकदा शिक्षकच शिकवतात, आणि तिचे फोलपण पुढील उदाहरणात उघडे पडते.

‘आईने सोमवारी 18 साड्यांना खडे चिकटवले. मंगळवारपेक्षा सोमवारी 5 साड्या जास्त झाल्या, तर मंगळवारी किती साड्या झाल्या?’ येथे ‘जास्त’ या शब्दावर विसंबणारे मूल 23 लिहिते, कारण जास्त कोणाकडे आहे हा प्रश्न त्याला पडलेलाच नसतो.

जॉर्ज पोल्या यांनी 1945 साली उदाहरण समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून तपासणे असे चार टप्पे मांडले. चौथीच्या वर्गासाठी ते गोष्ट, पट्टी, क्रिया आणि ताळा असे सांगता येतात. गोष्ट म्हणजे आकडे न घेता प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगणे (येथे अहिराणीला मज्जाव नसावा); पट्टी म्हणजे प्रत्येक राशीसाठी एक आडवा आयत काढणे. सोमवारची पट्टी लांब, मंगळवारची आखूड आणि लांबीतला फरक 5 असे कागदावर आले, की 18 - 5 = 13 ही क्रिया चित्रातूनच सुचते. ताळा मात्र केवळ आकडेमोडीचा नसून उत्तर गोष्टीत परत ठेवून पाहण्याचा असतो: मंगळवारी 23 मानल्यास सोमवारी 28 व्हायला हव्यात, आणि उदाहरण तर 18 सांगते.

पाठाच्या आखणीत पहिले उदाहरण शिक्षकाने स्वतःचा विचार मोठ्याने बोलत फळ्यावर सोडवावे, दुसऱ्यात पट्टी अर्धी काढून मुलांकडून पुरी करून घ्यावी आणि तिसरे मुलांवर सोपवावे. ही तीन उदाहरणे निवडणे हेच आखणीतले खरे काम आहे, कारण तिन्हींत ‘जास्त’ असून वजाबाकीच असेल, तर मुले जुनी युक्ती सोडून तिच्या उलट युक्ती पाठ करतील; म्हणून निदान एका उदाहरणात ‘जास्त’ असूनही बेरीजच यावी.

रीत लवकरच कर्मकांड बनते. वहीत चारही शीर्षके नेटकी असतात, पण ‘गोष्ट’ या शीर्षकाखाली पुस्तकातलीच वाक्ये उतरलेली असतात आणि दोन्ही पट्ट्या सारख्याच लांबीच्या असतात. अशा वेळी पुस्तक मिटवून प्रसंग तोंडी विचारावा. तो सांगता येत नसेल, तर अडचण गणिताची नसून वाचनाची आहे, आणि तिच्यावर ही रीत उपाय नाही.