नांवाच्या अक्षरांतून आशीर्वाद

माझी नात परदेशीं वाढलेली; तिला मराठी बोलतां येतें, वाचतां येत नाहीं. म्हणून यंदा वाढदिवसाचा निरोप इंग्रजींत, पण तिच्या नांवाच्या एकेका अक्षरानें एकेक शब्द आरंभून लिहावा, असें मनांत आलें. नांव उषा. नागरींत अक्षरें दोनच. रोमन लिपींत मात्र यू, एस, एच, ए अशीं चार. तेथें स्वरास वेगळें अक्षर लागतें, आणि आपल्या 'षा'तील एका व्यंजनाचींही दोन होतात. म्हणजे शब्द चार हवेत.

लुई कॅरोलनें १८७१ सालच्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास'च्या अखेरच्या कवितेंत ॲलिस प्लेझन्स लिडेल हें नांव २१ ओळींच्या आद्याक्षरांत गुंफलें आहे. त्यास प्रत्येक अक्षरामागें आख्खी ओळ मिळाली. येथें एकच शब्द. 'ऑफ', 'द' यांस जागा नाहीं, आणि नुसतीं विशेषणें मांडलीं तर निरोपाची यादी होते. म्हणून प्रथम विशेषण व नाम यांची जोडी जुळविली: 'अनक्लाउडेड सनशाइन', म्हणजे निरभ्र ऊन, उषेला शोभेलसें. पुढें एचसाठीं 'ऑनर' सुचला. त्यांतील एच लिहितात, उच्चारीत नाहींत. कागदावर तो चालता. पण निरोप दूरध्वनीवर वाचावयाचा होता, आणि कानाला तेथें 'ओ'च ऐकूं येता. म्हणून 'हॅपिनेस' घेतला, व शेवटीं 'ऑल्वेज'.

"अनक्लाउडेड सनशाइन, हॅपिनेस ऑल्वेज."

पोरीनें शब्द पुन्हा म्हणवून घेतले, आद्याक्षरें जुळविलीं आणि खुदकन हंसली. लगेच म्हणाली, "आजोबा, आतां दादासाठीं करा!" दादाचें नांव हृषीकेश. रोमन अक्षरें १०, त्यांत एच तीनदां.