तक्त्यातला एक

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहाव्यात, असे आम्हांला सुचविण्यात आले होते. आठवणी पुष्कळ आहेत. परंतु उत्रोलीच्या या वसतिगृहात राहून आम्ही तिघा शिक्षकांनी केलेल्या एका कामाची हकिकत नोंदवून ठेवावी, असे आम्हांला अधिक वाटते. काम लहानच होते. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी इंग्रजीतील एक प्रयोगपुस्तिका मराठीत आणावयाची होती. वाक्ये मराठीत आणताना आम्ही फारसे अडखळलो नाही. अडखळलो ते आकड्यांपाशी. तक्त्यांत आणि सूत्रांत १, २, ३ लिहावे की 1, 2, 3, या एका प्रश्नाने आमच्या अनेक संध्याकाळी घेतल्या.

आमच्यातील मराठीच्या शिक्षकांचे मत प्रारंभापासून ठाम होते. वेल्ह्याकडच्या वाडीवस्तीवरून येणारे मूल पहिला आकडा गिरवते तो देवनागरी. त्याचे पाढे देवनागरी, घरच्या दिनदर्शिकेवरची तारीख देवनागरी. विज्ञानाचे पुस्तक उघडताच ते आकडे काढून घेतले, तर ‘तुझी लिपी गोष्टी-कवितांपुरती, ज्ञानाची लिपी दुसऱ्याची’ असेच आपण त्याला सांगत नाही काय? ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाच्या मुलांच्या शाळेत हा प्रश्न हलका नव्हता. भगवान बुद्धांनी आपली वचने ज्याने त्याने आपापल्या भाषेत शिकावीत अशी अनुज्ञा दिल्याचे विनयपिटकातील चुल्लवग्गात आले आहे. त्याचीही आठवण त्यांनी आम्हांला करून दिली. आम्ही त्यांचे म्हणणे मान्य केले आणि पहिला मसुदा संपूर्णपणे देवनागरी आकड्यांत सिद्ध केला.

त्या मसुद्याची परीक्षा साध्या लंबकाच्या प्रयोगात झाली. दोऱ्याला धातूचा गोळा बांधावयाचा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजावयाचा, त्याला विसाने भागून दोलनकाल T काढावयाचा आणि g = 4π²l/T² या सूत्राने गुरुत्वत्वरण मिळवावयाचे. पुस्तिकेत नमुन्यादाखल एक ओळ भरून दिली होती: लांबी ०.२५ मीटर, वीस आंदोलनांना २०.१ सेकंद, दोलनकाल १.०१ सेकंद (१.००५ पूर्णांकित करून) आणि त्याचा वर्गही १.०१. पुढच्या दोन ओळी मुलांनी स्वतः मोजून भरावयाच्या होत्या. एका गटाच्या वहीत तयार झालेला तक्ता असा होता:

| l (मीटर) | 20 आंदोलने (सेकंद) | T² (सेकंद²) | l/T² |
|---|---|---|---|
| 0.25 | 20.1 | 9.09 | 0.0275 |
| 0.50 | 28.4 | 2.02 | 0.248 |
| 1.00 | 40.1 | 4.02 | 0.249 |

शेवटच्या दोन ओळींवरून g चे मूल्य सुमारे 9.8 येते आणि ते योग्य आहे. पहिल्या ओळीवरून मात्र 1.09 येते. मुलांनी त्याखाली प्रामाणिकपणे कारणही लिहिले होते: ‘हवेच्या रोधामुळे फरक पडला.’

फरक हवेमुळे पडलेला नव्हता. गटातील एका मुलीने नमुन्याची ओळ पुस्तिकेवरून वहीत उतरवून घेतली होती. हाताने घाईत लिहिलेला देवनागरी १ वर गोल होतो आणि त्याची शेपटी खाली उतरते. तो हुबेहूब 9 सारखा दिसतो. तिच्या जोडीदाराने गणकयंत्र हातात घेऊन वहीतील १.०१ वाचले, ते 9.09 असे. मधले शून्य दोन्ही लिप्यांत सारखेच असल्याने त्याला शंका येण्याचे कारण नव्हते. त्याच्याच वहीत खालच्या दोन ओळी स्टॉपवॉचवरून आलेल्या, म्हणून आंतरराष्ट्रीय आकड्यांत होत्या. तेव्हा पहिली ओळही त्याने त्याच लिपीत वाचली. चूक मुलाची नव्हती. एकाच तक्त्यात दोन लिप्या येऊ देणाऱ्या आमची होती.

ही चूक ओळखावी कशी, हेही त्या तक्त्यानेच शिकविले. लंबकाच्या प्रयोगात l/T² हे गुणोत्तर प्रत्येक ओळीत जवळजवळ सारखे यावयास हवे. मोजण्यातील चूक त्याला थोडेसे हलविते, 0.248 चे 0.255 होईल. आकडा चुकून वाचला गेला तर मात्र ते एकदम नऊपटीने खाली किंवा वर उडी घेते. तेव्हापासून मुलांना आम्ही सांगतो की, उत्तर थोडे चुकले तर हात तपासा आणि नऊपटीने चुकले तर डोळे तपासा. मात्र हा उपाय प्रत्येक ठिकाणी चालत नाही. द्रवणांकांच्या किंवा घनतांच्या तक्त्यात एका ओळीचा दुसरीशी संबंध नसतो. तेथे १ चा 9 झाला तर सांगणारे कोणीही नसते. तसाच धोका ४ आणि 8 यांच्यात, तसेच वर उघडा ठेवून लिहिलेला 4 आणि ५ यांच्यातही असतो.

मग जुन्या मराठी ग्रंथांत हे कसे निभावले, असा प्रश्न आमच्या गणिताच्या शिक्षकांनी उपस्थित केला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. पाश्चात्त्य ज्योतिषाच्या आधारे रचलेले हे मराठीतील कोष्टकांचेच पुस्तक, आणि त्यातील आकडे देवनागरीच. आमच्या आधीच्या पिढीनेही बीजगणित शिकताना अ, ब, क्ष, य हीच अक्षरे आणि त्यांच्या डोक्यावर बारीक २ लिहिला. त्यात काही बिघडले नाही. का बिघडले नाही, याचा विचार करता आमचा गुंता सुटला. छत्र्यांच्या कोष्टकांवरून गणित करणाऱ्याचे पंचांग देवनागरीत होते, त्याचा कागदही देवनागरीत भरला जात होता. आकडा जेथून येई आणि जेथे जाई, ती दोन्ही ठिकाणे एकाच लिपीत होती. आमच्या मुलाचा आकडा मात्र स्टॉपवॉच, तापमापी, मोजपात्र किंवा तराजूच्या पडद्यावरून येतो आणि गणकयंत्राच्या कळांवर जातो. ही सर्व साधने 0 ते 9 एवढेच ओळखतात. मध्ये देवनागरी तक्ता ठेवला की मुलाला प्रत्येक आकडा दोनदा लिप्यंतरित करावा लागतो, आणि प्रत्येक वेळी चुकण्याची एक संधी मिळते.

सूत्रांची गोष्ट याहूनही स्पष्ट होती. रसायनांच्या संज्ञा जगभर रोमन अक्षरांत लिहिल्या जातात; त्या आपण बदलत नाही. तेव्हा H₂O मधील अक्षरे रोमन आणि तळाचा आकडा देवनागरी, अशी संकरित आकृती करण्यात अर्थ नव्हता. शिवाय संगणकाच्या युनिकोडमध्ये अक्षराच्या पायाशी बसणारे आकडे स्वतंत्र चिन्हे म्हणून दिलेले आहेत ते आंतरराष्ट्रीय रूपातील. देवनागरी आकड्यांसाठी तशी सोय नाही. क्ष, य यांचे बीजगणित स्वतःत पूर्ण होते, म्हणून ते टिकले. अर्धी सूत्रे टिकत नाहीत.

एवढे ठरल्यावर मराठीच्या शिक्षकांच्या मूळ हरकतीकडे आम्ही परत आलो, कारण तिला उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हते. आंतरराष्ट्रीय आकडे खरोखर परके आहेत काय? आपल्याच पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. त्यात दक्षिणेच्या दानाचे आकडे कोरलेले असून एकासाठी नुसती आडवी रेघ आहे. ब्राह्मी आकड्यांची एक शाखा भारतात बदलत बदलत देवनागरी १ झाली. दुसरी अरबांच्या हातून युरोपात जाऊन 1 झाली. दोघे एकाच घरचे. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या संविधानाच्या अनुच्छेद ३४३ मध्ये संघराज्याच्या कामकाजासाठी लिपी देवनागरी ठरविताना आकडे मात्र ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ या नावाने घेतले आहेत. पुढे २७ एप्रिल १९६० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने केंद्राच्या वैज्ञानिक, तांत्रिक आणि सांख्यिकी प्रकाशनांत सर्वत्र हेच रूप वापरावे असे ठरले. तो आदेश आमच्यावर बंधनकारक नव्हता. परंतु त्यामागचा विचार आमच्या लंबकाने आम्हांला आधीच पटवून दिला होता.

शेवटी आम्ही नियम केला तो असा. ज्या संख्येला एकक आहे, जी मोजली जाते किंवा जिच्यावर गणित होते, ती तक्त्यात असो वा वाक्यात, आंतरराष्ट्रीय रूपात लिहावी. पृष्ठक्रमांक, प्रकरण, सन आणि नुसती मोजदाद देवनागरीत राहावी. प्रथम आम्ही ‘तक्ता एका लिपीत, मजकूर दुसऱ्या’ असा सोपा नियम केला होता. पण मग मजकुरात ‘१.०१ सेकंद’ आणि शेजारच्या तक्त्यात ‘1.01’ असे दिसू लागले, आणि जी चूक टाळावयाची तीच पानोपानी पेरली गेली. म्हणून सीमारेषा पानावरच्या जागेवरून न आखता संख्येच्या कामावरून आखली.

हा नियम अमलात आणताना एक फजिती झाली, तीही सांगतो. संगणकावर एका आज्ञेत सर्व देवनागरी आकडे बदलून घेतले, तेव्हा पृष्ठक्रमांक आणि सनही बदलले. उलट काही जुन्या फाँटांत टंकलिखित केलेली प्रकरणे कागदावर १ दाखवीत, पण आत साठविलेला असे 1. फाँट बदलताच त्यांचे रूप आपोआप पालटले. तेव्हा प्रत्येक तक्ता मूळ इंग्रजी तक्त्याशेजारी ठेवून, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने बोट ठेवावे, अशाच रीतीने तपासावा लागला. त्याला दुसरा मार्ग आम्हांला सापडला नाही.

मराठीच्या शिक्षकांनी एक अट घातली आणि ती आम्ही आनंदाने स्वीकारली. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर दोन्ही रूपांचे दहा आकडे समोरासमोर छापले आहेत आणि १ व 9 यांच्याभोवती चौकट आहे. नव्या पाचशेच्या नोटेवर 500 आणि ५०० शेजारी शेजारी असतात, तसे. प्रयोगाच्या पहिल्या दिवशी मुले ते पान काढून दोन्ही आकडे आपल्या हाताने दहा दहा वेळा लिहितात. मग दोरा बांधतात, गोळा सोडतात आणि मोजू लागतात.